११२, १८१, १०९८, १४५६७ : कोणता नंबर कधी लावायचा

रात्री साडेअकराला शेजारच्या घरातून बाईच्या ओरडण्याचा आवाज येतोय. तुम्हाला कुठेतरी वाचलेलं आठवतं की महिलांसाठी १८१ आहे, म्हणून तुम्ही १८१ लावता. फोन उचलला जातो, पलीकडची समुपदेशक धीराने सगळं ऐकून घेते, नाव-पत्ता विचारते आणि मग पोलिसांशी जोडून देते. मदत मिळते, पण यात जी काही मिनिटं जातात ती त्या घरातल्या बाईसाठी फार मोठी असतात. इथे पहिला फोन ११२ ला जायला हवा होता.

हेल्पलाइनचे नंबर पाठ असणारे बरेच जण भेटतात. पण कोणत्या नंबरच्या पलीकडे नेमकं कोण बसलेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ११२ च्या पलीकडे गाडी पाठवणारी माणसं आहेत. १८१ च्या पलीकडे समुपदेशक आणि सखी केंद्राचा रस्ता आहे. १०९८ च्या पलीकडे जिल्ह्याची बाल संरक्षण यंत्रणा आहे. १४५६७ च्या पलीकडे ज्येष्ठांचं ऐकून घेणारी आणि गरज पडल्यास घरी येणारी माणसं आहेत. हा फरक डोक्यात बसला की नंबर निवडणं सोपं होतं.

पहिली पायरी : "आत्ता घडतंय का?"

फोन हातात घेतल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा. मारहाण, पाठलाग, आग, कोणी कोंडून ठेवणं, मूल हिसकावून नेणं, म्हातारं माणूस बेशुद्ध पडणं यातलं काही या क्षणी चालू आहे का? उत्तर "हो" असेल तर बाई, मूल, ज्येष्ठ असा भेद करायचा नाही. थेट ११२.

११२ हा देशभराचा एकच आणीबाणीचा क्रमांक आहे. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या तिन्हींसाठी तो चालतो, चोवीस तास आणि मोफत. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशाला एकच आणीबाणी क्रमांक हवा, ही मागणी जोर धरू लागली आणि त्यातून ही व्यवस्था उभी राहिली. १०० लावायची सवय असलेल्यांनी घाबरायचं कारण नाही, पण घरातल्या मुलांना शिकवताना ११२ च शिकवा. शहरांमध्ये महिलांसाठी पोलिसांचा १०९१ हा नंबरही माहीत असतो. तो पोलिसांचाच आहे. एकच लक्षात राहणार असेल, तर ११२ ठेवा.

बोलता येत नसेल, तर फोनचं बटणही उपयोगी पडतं. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण भराभर तीनदा दाबलं की आणीबाणीचा कॉल जातो, काहींमध्ये पाचदा दाबावं लागतं. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरायचं. तुमच्या फोनमध्ये नेमकं काय आहे, ते सेटिंगमध्ये आणीबाणीच्या पर्यायात आजच बघून ठेवा. दाबून "करून बघू नका", कारण कॉल खरोखर लागतो.

११२ वर बोलताना लोक एक चूक हमखास करतात. ते आधी गोष्ट सांगतात : कोणाचं लग्न कधी झालं, नवरा कसा आहे, मागच्या वेळी काय झालं. तोपर्यंत जागा सांगायची राहून जाते आणि फोन कट होतो. पहिलं वाक्य जागेचंच असू दे. गाव किंवा वस्ती, रस्ता, जवळची ओळखीची खूण, मजला. तुमचं ठिकाण फोनवरून शोधण्याचा प्रयत्न तिकडे होतोच, पण गावाकडे किंवा दाट चाळींमध्ये त्यावर विसंबून राहू नका. दुसरं वाक्य, काय घडतंय. तिसरं, हत्यार आहे का, कोणी जखमी आहे का. फोन कट झाला तर उलट फोन येऊ शकतो, म्हणून त्या वेळी अनोळखी नंबरचा फोन उचला. आणि शेवटी तक्रारीचा क्रमांक विचारून कागदावर लिहून घ्या. पुढे हाच क्रमांक कामाला येतो.

एक घर, तीन नंबर आणि न लावलेला चौथा

आता एक घर घेऊ. समजा तालुक्याचं गाव आहे, शनिवारची रात्र आहे, सव्वाअकरा वाजलेत. घरात दारू पिऊन आलेला नवरा, त्याची एकतीस वर्षांची बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आई आहे. तो बायकोला मारतोय. मध्ये पडलेल्या आईलाही त्याने ढकललंय. तुम्ही शेजारी आहात.

तुम्ही ११२ लावता आणि म्हणता, "अमुक गल्ली, मारुतीच्या देवळामागचं दुसरं घर, तळमजला. नवरा बायकोला मारतोय, म्हाताऱ्या आईलाही लागलंय, घरात लहान मुलगी आहे. हत्यार दिसत नाही." बस. स्वतःचं नाव पुढे येऊ द्यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पोलीस आल्यावर दार उघडायला किंवा नवऱ्याशी बोलायला तुम्ही पुढे जाऊ नका, फक्त घर दाखवा.

पोलीस आल्यावर एक गोष्ट नेहमी घडते. बाई म्हणते, "काही नाही, जाऊ द्या." त्या रात्री तिला घर सोडवत नाही, मुलीचं काय होईल हे कळत नाही, उद्या त्याच माणसासोबत राहायचंय. यावरून तिला दोष देऊ नये. पण दोन गोष्टी त्या रात्रीच झाल्या तर पुढचं सोपं जातं. एक, तक्रारीचा क्रमांक तुमच्याकडे किंवा तिच्याकडे राहणं. दुसरी, मुका मार असला तरी सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर करणं. डॉक्टरला "पडले" असं न सांगता "नवऱ्याने मारलं" असं सांगायला हवं, कारण केसपेपरवर तेच लिहिलं जातं. महिन्याभराने ती कोर्टात गेली तर वळ गेलेले असतील, कागद राहील.

रविवारी सकाळी परिस्थिती बदललेली असते. नवरा झोपलाय. आता "आत्ता घडतंय का" याचं उत्तर "नाही" आहे. प्रश्न आता "पुढे काय" हा आहे, आणि हे काम १८१ चं.

१८१ ही महिला हेल्पलाइन केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या योजनेतून राज्यं चालवतात. चोवीस तास आणि मोफत. इथे बाईने स्वतः फोन केला तर सर्वात चांगलं, पण बहीण, शेजारीण, शिक्षिका कोणीही करू शकते. फोन करताना स्वतःचा मोबाइल नवरा तपासत असेल, तर शेजारणीच्या फोनवरून करा. आणि समुपदेशकाला हे आवर्जून सांगा : "मला उलट फोन दुपारी दोन ते चार याच वेळेत करा, आणि पुरुषाने उचलला तर काही बोलू नका." हे सांगायचं राहिलं आणि संध्याकाळी सातला त्याच्या समोर फोन वाजला, तर मदतच अंगावर येते.

१८१ वरून तिला जिल्ह्याच्या सखी केंद्राशी जोडतात. सरकारी नाव वन स्टॉप सेंटर. एका छताखाली तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत, पोलिसांकडे तक्रारीसाठी सोबत, वकिलाचा सल्ला आणि समुपदेशन मिळावं, ही त्यामागची कल्पना. निवारा मात्र थोड्याच दिवसांचा असतो, साधारण पाच दिवसांपर्यंत. नऊ वर्षांच्या मुलीला ती सोबत नेऊ शकते. पाच दिवसांच्या पुढे राहायची गरज असेल, तर शक्ती सदनासारख्या निवासी संस्थेची सोय बघावी लागते. "मला इथून पुढे कुठे पाठवाल?" हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. पाचव्या दिवशी विचारलं तर धावपळ होते.

खरी पुढची पायरी आहे संरक्षण अधिकारी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली हे पद आहे. संरक्षण अधिकारी घडलेल्या प्रकाराचा अहवाल तयार करतात आणि दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतात. मारहाण थांबवण्याचा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क, पोटगी, मुलीचा ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. "घर सासूच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?" असं तिला ऐकवलं जाईल. या कायद्यात घर कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ती तिथे संसार करत होती का, हे पाहिलं जातं. वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर १५१०० लावायचा. हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, आणि बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

१८१ काय करू शकत नाही, हेही स्पष्ट असावं. ती मंडळी नवऱ्याला अटक करत नाहीत, गुन्हा दाखल करत नाहीत, घटस्फोट मिळवून देत नाहीत. रस्ता दाखवतात आणि त्या रस्त्यावर सोबत करतात. गुन्हा पोलीस ठाण्यातच दाखल होतो. माहेरी निघून आलेल्या बाईला "घटना तिकडची आहे, तिकडच्या ठाण्यात जा" असं सांगितलं, तर तिने "झिरो एफआयआर घ्या" म्हणावं. हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही. गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो.

आता त्या घरातली सासू. तिची गोष्ट वेगळी आहे आणि बहुतेक वेळा ती कोणी विचारतच नाही. मुलगा तिच्याही मागे लागलाय : घर माझ्या नावावर कर. औषधाचे पैसे देत नाही. पण ती पोलिसांना म्हणेल, "माझा मुलगा आहे, त्याला आत टाकू नका." तिच्यासाठी १४५६७ योग्य आहे.

हा एल्डरलाइनचा नंबर, सामाजिक न्याय मंत्रालयाचा, साठ वर्षांवरच्यांसाठी. देशभर तो २०२१ मध्ये सुरू झाला. एक गोष्ट मनावर कोरून ठेवा : तो चोवीस तास चालत नाही. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. म्हणून शनिवारच्या रात्री तो उपयोगाचा नव्हता, रविवारी सकाळी आहे. पलीकडची माणसं पेन्शन, योजना, वृद्धाश्रम याची माहिती देतात, कायद्याचा रस्ता सांगतात, एकटं पडलेल्या माणसाशी बोलतात, आणि छळ किंवा बेघर झाल्याच्या प्रकरणात त्यांचा क्षेत्रीय कार्यकर्ता प्रत्यक्ष येतो. मुलाशी बसून बोलणं हे काम अनेकदा तिथेच होतं, आणि सासूला नेमकं तेच हवं असतं.

बोलून भागलं नाही तर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. अर्ज प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे होतो. तिथे साध्या कागदावर स्वतःची हकिगत लिहून देता येते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, फार तर आणखी ३० दिवस. निर्वाहाची रक्कम महिन्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत आहे. आणि घराबद्दल : काहीही सही करण्याआधी १४५६७ वर बोलून घ्या. घर द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात "मुलाने सांभाळायचं" ही अट लेखी घाला. तशी अट असली आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेण्याचा मार्ग याच कायद्यात आहे. अट नुसती तोंडी राहिली तर भांडण लांबतं.

आणि मुलगी? या घरासाठी मी १०९८ लावणार नाही. ती आईसोबत आहे, आई तिला सांभाळते आहे, आणि आईला मदत मिळाली की तिलाही मिळते. मूल दिसलं की लगेच १०९८, असं समीकरण करायचं नसतं. पण आई निघून गेली आणि बापाने मुलीला ठेवून घेतलं, किंवा मार तिच्यापर्यंत पोचला, किंवा तिला शाळेतून काढून कामाला लावलं, तर त्याच दिवशी १०९८.

१०९८ कधी

हा नंबर १८ वर्षांखालच्या कुठल्याही मुलासाठी आहे, मुलगा असो वा मुलगी. त्याची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत, रस्त्यावरच्या मुलांसाठी झाली. २०२३ पासून तो महिला व बालविकास विभागाच्या यंत्रणेतून चालतो आणि ११२ शी जोडलेला आहे. जुन्या ओळखीवर "संस्थेचा माणूस लगेच येईल" अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांना हा बदल माहीत असायला हवा. आता फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो, तिथून जिल्ह्याच्या चाइल्ड हेल्पलाइन युनिटकडे.

एसटी स्टँडवर एकटं, रडत बसलेलं मूल दिसलं, असं समजा. चांगल्या मनाची माणसं त्याला घरी नेतात, जेवू घालतात, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. मूल घरी नेऊ नका आणि फोटो अजिबात टाकू नका. अडचणीत असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, आणि ते मूल कोणापासून पळून आलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. स्टँडवरच्या कंट्रोलर केबिनजवळ, चार लोकांच्या नजरेत त्याच्यासोबत बसा आणि १०९८ लावा. अंदाजे वय, कपडे, बोलण्याची भाषा, जागा सांगा. असं मूल सापडल्यावर २४ तासांच्या आत कळवणं हे त्याच कायद्यानुसार आपलं कर्तव्यच आहे. पुढे त्या मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. कोण नेणार, त्याचं नाव विचारून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी चौकशी करता येते.

बालविवाहात वेळ सर्वात महत्त्वाची. लग्नाच्या मांडवातून फोन आला तर फार थोडं हातात राहतं. साखरपुड्याची कुणकुण लागली की कळवा : मुलीचं नाव, शाळा आणि इयत्ता, लग्नाची तारीख, गाव. वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यात असतो, म्हणून शाळेचं नाव सर्वात उपयोगी. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना सांगायला संकोच वाटत असेल, कारण गाव छोटं असतं, तर १०९८ वर "माझं नाव गुप्त ठेवा" म्हणून सांगा.

लैंगिक अत्याचाराबद्दल एक गोष्ट, जी चुकली की सगळं बिघडतं. मुलाने काही सांगितलं तर एकदा शांतपणे ऐकून घ्या आणि "तुझी काही चूक नाही" म्हणा. मग आजी, काका, मुख्याध्यापक अशा प्रत्येकापुढे त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. पोक्सो कायद्यात असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, घरातल्यांनी "मिटवलं" तरी. मूल अजून त्याच घरात त्याच माणसासोबत असेल, तर ११२. सुरक्षित ठिकाणी असेल, तर १०९८, आणि पोलीस ठाणं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. हे तुम्हाला माहीत आहे, असं तिथे नम्रपणे सांगितलं तरी फरक पडतो.

दुसऱ्या राज्यातल्या माणसासाठी

तीन-चार आकडी नंबर साधारणपणे तुम्ही जिथून लावता, तिथल्या राज्यात लागतात. पुण्यात बसून इंदूरला दिलेल्या बहिणीसाठी १८१ लावलात, तर फोन महाराष्ट्रातच उचलला जाईल. तेव्हा सुरुवातीलाच "मदत मध्य प्रदेशात हवी आहे" म्हणा आणि तिकडचा थेट नंबर मागा. अशा वेळी राष्ट्रीय महिला आयोगाचा ७८२७१७०१७० हा दहा आकडी, चोवीस तासांचा नंबर जास्त सोयीचा. परदेशातून मात्र ११२ लावू नका, लागलाच तर त्या देशातला लागेल. आई-वडील इथे आणि मुलगा अमेरिकेत असेल, तर इथल्या कोणा नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने १४५६७ लावायचं, हे आधीच ठरलेलं असावं.

ज्येष्ठांच्या पैशांची फसवणूक

"तुमच्या नावावर गुन्हा आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका" असं सांगून म्हाताऱ्या माणसाकडून पैसे पाठवून घेतात. अशा वेळी माणूस ज्येष्ठ आहे म्हणून १४५६७ कडे हात जातो. पण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात सरकत असतात, आणि ते मध्येच अडवण्याची यंत्रणा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनकडे आहे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडकण्याची शक्यता जास्त. बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवूनच लावा. संदर्भ क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये मिळतो. मग cybercrime.gov.in वर तक्रार भरा. १४५६७ नंतर, त्या माणसाला दोन दिवस जेवण गोड लागत नाही तेव्हा. रात्री आठनंतर मन फारच खचलं, तर मानसिक आधारासाठी १४४१६ आहे, तो चोवीस तास चालतो.

हे नंबर शोधून लावायची वेळ आली आणि इंटरनेटवर काहीही दिसलं, तर एवढं तपासा : यातला कोणताही नंबर पैसे, ओटीपी किंवा ॲप डाउनलोड करायला सांगत नाही. तसं सांगितलं तर तो फोन ठेवून द्या आणि आकडे स्वतः दाबून पुन्हा लावा.

घरात कागदावर लिहून चिकटवायचे तर ११२ आणि १०९८ उघड्यावर चालतात. १८१ मात्र जिला गरज आहे तिच्या फोनमध्ये एखाद्या शिंपिणीच्या किंवा मैत्रिणीच्या नावाने सेव्ह करून द्या, आणि लावल्यावर कॉलची नोंद कशी पुसायची, तेही तिला एकदा करून दाखवा.